दहा मिनिटं थांबल्यावर बस किती जवळ येते? फोटोतल्या गणिताची दोन उत्तरं

प्रश्न: सोबत प्रश्नपत्रिकेचा फोटो जोडला आहे. लागोपाठच्या दोन बसमधला वेळ एक्स्पोनेन्शियल आहे, सरासरी १० मिनिटं. पहिल्या चित्रात थांब्यावर एक माणूस उभा आहे, घड्याळात ८:१० झालेत आणि तो ८:०० पासून उभा आहे. (अ) त्याला आणखी ५ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागण्याची संभाव्यता किती? मी e^(-1.5) म्हणजे ०.२२३ काढली, उत्तरसूचीत ०.६०६५ आहे. दुसरं चित्र रिकाम्या थांब्याचं आहे, दिवसातल्या कुठल्याही क्षणी काढलेलं. (ब) त्या क्षणाआधीची शेवटची बस आणि त्यानंतरची पहिली बस यांच्यामधला सरासरी वेळ किती? मी १० लिहिलं, उत्तर २० दिलंय. सूची चुकली आहे का? १० मिनिटं थांबल्यावर बस जवळ आलेली असणारच ना?

उत्तर:

सूचीतली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तुमच्या आकडेमोडीतही चूक नाही, पण दोन्ही वेळा तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला अगदी लागून असलेला दुसराच प्रश्न सोडवला आहे. दोन्ही भाग एकाच गुणधर्मावर उभे आहेत आणि (ब) समजायला (अ) नीट समजणं गरजेचं आहे, म्हणून आधी (अ) घेतो.

तुम्ही काढलेली ०.२२३ ही P(T > 15) ची किंमत आहे. आठ वाजता माणूस थांब्यावर नुकताच आला आहे, पुढचं काहीच माहीत नाही, अशा वेळी त्याला एकूण १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागेल याची ती संभाव्यता. फोटो मात्र ८:१० चा आहे. माणूस अजून तिथेच उभा आहे, म्हणजे पहिल्या १० मिनिटांत बस आली नाही हे आपल्याला कळून चुकलं आहे. ही माहिती गणितात घालायलाच हवी आणि ती घालण्याची रीत म्हणजे सशर्त संभाव्यता:

P(T > 15 | T > 10) = P(T > 15) / P(T > 10) = e^(-1.5) / e^(-1) = e^(-0.5) = 0.6065

अंशात खरं तर "T > 15 आणि T > 10" असं हवं. पण जो १५ मिनिटांहून जास्त थांबला तो १० मिनिटांहून जास्त थांबलाच, म्हणून तिथे नुसतं P(T > 15) उरतं.

आकड्यांत बघितलं की हे जास्त पटतं. अशा १००० सकाळी कल्पा, प्रत्येक सकाळी हाच माणूस आठ वाजता येऊन उभा राहतो. ८:०५ ला साधारण ६०७ सकाळी तो अजून उभाच असेल. ८:१० ला ३६८, ८:१५ ला २२३, ८:२० ला १३५. आता तुमच्या हातातला फोटो या १००० सकाळींपैकी कुठल्या सकाळचा असू शकतो? फक्त त्या ३६८ पैकी एखाद्या. बाकीच्या ६३२ सकाळी तो ८:१० च्या आत बसमध्ये चढून गेला, त्यांचा असा फोटो निघूच शकत नाही. या ३६८ पैकी २२३ सकाळी तो ८:१५ नंतरही थांबलेला असतो आणि २२३ भागिले ३६८ म्हणजे ०.६०६. तुम्ही २२३ ला ३६८ ऐवजी १००० ने भागलंत, फरक एवढाच.

आता याच आकड्यांकडे पुन्हा बघा. पहिल्या पाच मिनिटांत १००० चे ६०७ झाले, म्हणजे ६०.७ टक्के उरले. दुसऱ्या पाच मिनिटांत ६०७ चे ३६८, पुन्हा ६०.६ टक्के. तिसऱ्या वेळीही तेच, चौथ्या वेळीही तेच. पाच मिनिटांचा कुठलाही तुकडा घ्या, त्या तुकड्याच्या सुरुवातीला जेवढे थांबलेले असतात त्यातले सुमारे ३९ टक्के बसमध्ये बसून जातात. आधी किती वेळ गेला याच्याशी या ३९ टक्क्यांचा काही संबंध नाही. स्मृतिहीन किंवा मेमरीलेस गुणधर्म म्हणतात तो हाच. सूत्रात:

P(T > s + t | T > s) = P(T > t)

इथे उजव्या बाजूला P(T > t) आहे, P(T > s + t) नाही. हा बारकावा परीक्षेत फार जणांना अडवतो. "भूतकाळाने फरक पडत नाही" असं वाचून विद्यार्थी P(T > 15 | T > 10) = P(T > 15) असं लिहून मोकळे होतात. हे लिहिणं म्हणजे "१० मिनिटांत बस आली नाही" आणि "१५ मिनिटांत बस आली नाही" या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं म्हणणं, आणि त्या तशा नाहीत हे उघड आहे. स्मृतिहीनता उरलेल्या वेळाबद्दल बोलते, एकूण वेळाबद्दल नाही. एकूण थांबण्याला आधीची १० मिनिटं चिकटलेलीच राहतात. उरलेला वेळ मात्र कोरा असतो. ८:१० ला त्या माणसाचा उरलेला सरासरी वेळ १० मिनिटं आहे, म्हणून त्याचं एकूण थांबणं आता सरासरी २० मिनिटांचं झालं आहे.

प्रश्नपत्रिकेत आणखी एक पायरी दडलेली आहे आणि ती उत्तरात एका ओळीत लिहिलीत तर तपासणाऱ्याला बरं वाटेल. दिलेलं आहे ते दोन बसमधल्या वेळाचं वितरण. माणूस मात्र बस सुटल्या क्षणी आलेला नाही, तो आठ वाजता आला आहे. मग आठपासून मोजलेला त्याचा थांबण्याचा वेळ T हाही एक्स्पोनेन्शियल, सरासरी १०, हे कशावरून? आठ वाजता आधीची बस जाऊन दोन मिनिटं झाली असोत की बारा, पुढच्या बसपर्यंतचा वेळ त्याच वितरणाचा राहतो. म्हणजे स्मृतिहीनता इथे दोनदा वापरली जाते, एकदा ८:०० ला आणि एकदा ८:१० ला. दुसऱ्या कुठल्याही वितरणासाठी ही पहिली पायरीच कोसळली असती.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण सगळा अडथळा तिथे आहे. १० मिनिटं थांबल्यावर बस जवळ आलेली असणार, ही तुमची जाणीव खोटी नाही. ती वेगळ्या बससेवेची आहे. समजा दोन बसमधला वेळ ५ ते १५ मिनिटांच्या मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडतो. सरासरी तीच, १० मिनिटं. तुमच्या डोळ्यांदेखत एक बस गेली आणि त्यानंतर १० मिनिटं दुसरी आलेली नाही. आता उरलेला वेळ ० ते ५ च्या मध्येच असणार, सरासरी अडीच मिनिटं. इथे थांबलेला वेळ खरोखर "जमा" होतो. वेळापत्रक पाळणारी कुठलीही सेवा कमी-अधिक प्रमाणात अशी असते आणि आपली जाणीव तशा सेवांवर घडलेली असते.

एक्स्पोनेन्शियल बस वेगळी आहे. तिची कल्पना करण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग असा: प्रत्येक सेकंदाला बस येण्याची शक्यता ६०० मध्ये १ आहे आणि प्रत्येक सेकंदाचा निकाल आधीच्या सेकंदांकडे न बघता लागतो. पुढचे ३०० सेकंद बस न येण्याची संभाव्यता (1 - 1/600)^300, म्हणजे ०.६०६३. सूचीतल्या ०.६०६५ पासून ती अगदी थोडी दूर आहे, आणि सेकंदाचे आणखी बारीक तुकडे केलेत तर तीही तफावत मिटते. या मांडणीत बस कुठून तरी निघून हळूहळू जवळ येत नसते. "जवळ येणं" नावाची गोष्टच नसल्यामुळे थांबून काही जमा होत नाही. अशी बस प्रत्यक्षात असते का हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे शेवटी येतो. प्रश्नपत्रिकेने "एक्स्पोनेन्शियल" हा शब्द लिहिला त्याच क्षणी तिने हीच बस मान्य केली.

आणि सोयीसाठी निवडलेलं हे अनेकांतलं एक वितरणही नाही. G(t) = P(T > t) असं धरलं तर स्मृतिहीनतेची अट G(s + t) = G(s) × G(t) अशी होते. सलग वेळ मोजणाऱ्या चलासाठी ही अट फक्त G(t) = e^(-λt) या कुटुंबालाच पाळता येते. त्यामुळे हा गुणधर्म आणि हे वितरण एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. एकीकडे "एक्स्पोनेन्शियल" मान्य करायचं आणि दुसरीकडे "पण आता बस जवळ आली असेल" म्हणायचं, हे जमणार नाही.

आता (ब). मला हा भाग जास्त आवडतो, कारण इथे शिकलेली माणसंही ठामपणे १० म्हणतात.

तुमचा विचार असा असणार: दोन बसमधला वेळ सरासरी १० मिनिटं आहे, फोटो कुठल्या तरी दोन बसच्या मध्ये पडणार, म्हणजे त्या दोन बसमधला वेळही सरासरी १०. दोन बसमधल्या या वेळाला आपण खंड म्हणू. दिवसभरातल्या सगळ्या खंडांची यादी केली आणि त्यातला एक डोळे मिटून उचलला तर त्याची सरासरी १० येईल, हे खरं आहे. पण फोटो खंडांच्या यादीतून उचललेला नाही, तो काळातून उचललेला आहे. दिवस म्हणजे लांबलचक फीत समजा, खंड म्हणजे तिच्यावर रंगवलेले लहानमोठे पट्टे. फितीवर न बघता टाचणी टोचली तर ती रुंद पट्ट्यात घुसण्याची शक्यता अरुंद पट्ट्यापेक्षा जास्त, आणि किती जास्त ते रुंदीच्या प्रमाणात.

छोट्या उदाहरणात ताडून बघा. समजा खंड आळीपाळीने ५ आणि १५ मिनिटांचे आहेत. यादीची सरासरी १०. पण दर २० मिनिटांतली १५ मिनिटं मोठ्या खंडात जातात, म्हणून फोटो मोठ्या खंडात पडण्याची संभाव्यता ३/४ आणि लहान खंडात पडण्याची १/४. फोटोतल्या खंडाची सरासरी ०.२५ × ५ + ०.७५ × १५ = १२.५ मिनिटं. बस तीच, सरासरी तीच, तरी फोटोला दिसणारा खंड अडीच मिनिटांनी मोठा.

एक्स्पोनेन्शियल खंडांत लहान-मोठ्यांमधली तफावत याहून पुष्कळ जास्त असते, म्हणून परिणामही मोठा होतो. x मिनिटांच्या खंडाला x इतकं वजन दिलं की फोटोतल्या खंडाची सरासरी E[X²] / E[X] येते. सरासरी १० असलेल्या एक्स्पोनेन्शियलसाठी E[X²] = 2 × 10² = 200. म्हणून 200 / 10 = 20. सूचीतलं उत्तर हेच.

स्मृतिहीनतेच्या वाटेने गेलात तर हे याहून कमी आकडेमोडीत मिळतं. फोटोच्या क्षणापासून पुढची बस सरासरी १० मिनिटांवर आहे, हे (अ) मध्ये झालंच. आता घड्याळ उलटं फिरवा. स्वतंत्र एक्स्पोनेन्शियल खंडांनी बनलेल्या बसच्या येण्याला पॉयसन प्रक्रिया म्हणतात आणि ती उलट दिशेने पाहिली तरी पॉयसन प्रक्रियाच राहते. म्हणून फोटोच्या क्षणापासून मागे, गेलेल्या बसपर्यंतचा वेळही एक्स्पोनेन्शियल, सरासरी १०. मागचे १० आणि पुढचे १० मिळून २०. (सेवा नुकतीच सुरू झालेली नसून बऱ्याच वेळापासून चालू आहे, एवढं इथे धरलेलं आहे. सेवा सुरू झाल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत फोटो काढला तर मागचा वेळ पाचहून जास्त असूच शकत नाही.)

मन मानत नसेल तर संगणकाला विचारून घ्या. दहा लाख खंड बनवायचे, एकापुढे एक मांडायचे आणि त्या काळात दोन लाख फोटो कुठेही काढायचे:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
gaps = rng.exponential(10, 1_000_000)
buses = np.cumsum(gaps)
t = rng.uniform(0, buses[-1], 200_000)
k = np.searchsorted(buses, t)
print(gaps.mean())            # यादीतल्या खंडांची सरासरी
print((buses[k] - t).mean())  # फोटोपासून पुढच्या बसपर्यंत
print(gaps[k].mean())         # फोटो ज्या खंडात पडला तो
```

तीन आकडे येतील: १० च्या आसपास, १० च्या आसपास, २० च्या आसपास. एक सावधगिरी. `numpy` मधलं `exponential` सरासरी मागतं, पण R मधलं `rexp` दर मागतं, म्हणून तिथे `rexp(n, 1/10)` लिहावं लागतं. ही अदलाबदल झाली की उत्तरं शंभर पटींनी बदलतात. कागदावरही तेच: λ = 10 लिहून बसलेले पेपर मी पुष्कळ पाहिले आहेत. λ हा मिनिटागणिक येणाऱ्या बसचा दर आहे, इथे ०.१.

(ब) चं उत्तर हातात आल्यावर एक शंका साहजिक येते. बस सरासरी १० मिनिटांनी येते, मग कुठल्याही क्षणी येणाऱ्या माणसाला सरासरी ५ मिनिटंच थांबावं लागायला हवं, १० कशी? ५ हे उत्तर बस काटेकोर दर १० मिनिटांनी येत असेल तेव्हाचं. आळीपाळीच्या ५ आणि १५ मध्ये ते १२.५ च्या निम्मं, म्हणजे ६.२५ होतं. सर्वसाधारण सूत्र E[X²] / (2E[X]) आहे आणि ते सांगतं की सरासरी खंड न बदलता नुसता अनियमितपणा वाढला तरी प्रवाशाचं थांबणं वाढतं. एक्स्पोनेन्शियल बसमध्ये हा अनियमितपणा इतका असतो की थांबणं काटेकोर बसच्या दुप्पट होतं. प्रवासी आणि बस चालवणारे यांचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक याच जागी. चालवणारे खंडांची यादी बघतात, प्रवासी काळाच्या फितीवर उभे असतात, आणि दोघेही आपापल्या ठिकाणी खरं सांगत असतात.

या पेपरमध्ये विचारलेला नाही पण विचारायला हवा होता असा एक प्रश्न आहे. (ब) साठी दुसरं, रिकाम्या थांब्याचं चित्र का घेतलं? पहिलंच चित्र वापरलं असतं तर काय झालं असतं? पहिल्या चित्रात माणूस आठपासून उभा आहे आणि बस आली असती तर तो चढला असता. म्हणजे मागची बस निदान १० मिनिटांपूर्वीची आहे हे आपल्याला कळतं. मागे बघतानाही स्मृतिहीनता लागू आहे, म्हणून आठ वाजल्यापासून आणखी मागे जाऊन शेवटच्या बसपर्यंतचा वेळ सरासरी १०. ८:०० ते ८:१० ही १० मिनिटं तर पक्कीच. आणि ८:१० पासून पुढच्या बसपर्यंत सरासरी १०. एकूण ३० मिनिटं. खंडांची सरासरी १० असलेल्या सेवेत त्या फोटोतला माणूस सरासरी ३० मिनिटांच्या खंडात अडकलेला आहे. तुम्ही (ब) साठी चुकून पहिलं चित्र धरलं असतंत तर उत्तर २० ही नाही, ३० आलं असतं.

यातून गर्दीबद्दलही एक गोष्ट निघते. समजा फोटोत एकाऐवजी पंचवीस माणसं आहेत. ती एकेक करून स्वतंत्रपणे येत असतील तर गर्दी सांगते की मागची बस जाऊन बराच वेळ झाला आहे. भूतकाळाबद्दलची ही माहिती खरी आणि उपयोगाची आहे. पण पुढची बस कधी येईल याबद्दल ती गर्दी एका मिनिटाचीही माहिती देत नाही, कारण एक्स्पोनेन्शियल सेवेत मागचा वेळ आणि पुढचा वेळ परस्परांपासून स्वतंत्र असतात. फोटोत पंचवीस माणसं असोत की एकही नसो, पुढची बस सरासरी १० मिनिटांवरच. वेळापत्रक पाळणाऱ्या सेवेत मात्र मोठी गर्दी ही बस लवकर येण्याची चांगली खूण असते. एकच फोटो, आणि त्याचा अर्थ खंडांचं वितरण कोणतं यावर उलटतो.

आता खऱ्या बसबद्दल. एकाच मार्गाची, वेळापत्रकाने सुटणारी बस सहसा एक्स्पोनेन्शियल नसते. तिच्यात ५ ते १५ वाल्या बसचा गुण थोडाफार असतोच. उलट एका थांब्यावर बरेच मार्ग येत असतील, ते एकमेकांवर अवलंबून नसतील आणि तुम्हाला त्यातली कुठलीही बस चालत असेल, तर एकत्रित येणं पॉयसन प्रक्रियेच्या बरंच जवळ जातं, प्रत्येक मार्ग स्वतः तसा नसला तरी. पाम आणि खिंचिन यांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय हेच सांगतं. त्यात अट एवढी की कुठल्याही एका मार्गाचा वाटा फार मोठा असता कामा नये.

तिसरी शक्यता तुमच्या जाणिवेच्या बरोबर उलट्या बाजूला आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात कमी शिकवली जाते. समजा दहापैकी नऊ दिवस सेवा सुरळीत असते आणि सरासरी ८ मिनिटं थांबावं लागतं, दहावा दिवस बिघाडाचा असतो आणि सरासरी ४० मिनिटं लागतात. दोन्ही प्रकारच्या दिवशी थांबणं एक्स्पोनेन्शियल आहे, पण आज कुठला दिवस आहे हे तुम्हाला माहीत नाही. थांब्यावर येताना अपेक्षित थांबणं ०.९ × ८ + ०.१ × ४० = ११.२ मिनिटं. २० मिनिटं थांबून झाली आणि बस नाही. सुरळीत दिवशी असं होण्याची संभाव्यता e^(-2.5), सुमारे ०.०८२. बिघाडाच्या दिवशी e^(-0.5), सुमारे ०.६०७. त्यांना ०.९ आणि ०.१ ही वजनं लावली की ०.०७४ आणि ०.०६१ मिळतात. म्हणजे आज बिघाडाचा दिवस असण्याची संभाव्यता १० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेली आहे. उरलेलं अपेक्षित थांबणं आता ०.५५ × ८ + ०.४५ × ४०, सुमारे २२ मिनिटं. जितकं थांबाल तितकी बस दूर जाते. इथे बसला स्मृती नाही, पण थांबणाऱ्याच्या माहितीत भर पडते आहे. स्मृतिहीनता दर ठाऊक असेल आणि तो स्थिर असेल तेव्हाच टिकते, ही तिची खरी मर्यादा. दर माहीत नसताना तीच सूत्रं आंधळेपणाने वापरली की उरलेला वेळ कमी धरला जातो.

तुमच्याकडे एखाद्या थांब्याच्या खऱ्या नोंदी असतील तर या तिघांपैकी कुठली बस आहे हे तपासता येतं, मात्र नोंदी कशा घेतल्या ते आधी बघा. अधूनमधून जाऊन फोटो काढले आणि प्रत्येक वेळी मागची-पुढची बस नोंदवली, तर खंडांची सरासरी (ब) प्रमाणे फुगून येईल. उलट अर्धा तास उभं राहून त्या अर्ध्या तासात पूर्ण झालेलेच खंड मोजले, तर अर्ध्या तासाहून मोठा खंड कधी सापडणारच नाही आणि सरासरी घटेल. म्हणून बऱ्याच तासांच्या सलग नोंदी हव्यात, बस आल्याची प्रत्येक वेळ लिहिलेली. आणि ज्या तासांत सेवेचा दर वेगळा असतो ते तास एकत्र मिसळायचे नाहीत, नाहीतर वरच्या उदाहरणातलं मिश्रण आपणच तयार करून बसू.

मग दोन गोष्टी बघायच्या. पहिली, खंडांचं प्रमाण विचलन आणि सरासरी यांचं गुणोत्तर. एक्स्पोनेन्शियलमध्ये ते १ असतं, नियमित सेवेत १ पेक्षा बरंच कमी, मिश्रणात १ पेक्षा जास्त. १०० खंडांवरून काढलेलं हे गुणोत्तर नुसत्या योगायोगाने ०.१ इतकं इकडेतिकडे होतं, म्हणून ०.९ आलं की लगेच "नियमित आहे" म्हणायची घाई नको.

दुसरी गोष्ट थेट गुणधर्मालाच हात घालते, म्हणून माझा भर तिच्यावर असतो. नोंदींतून १० मिनिटांहून मोठे खंड वेगळे काढा, प्रत्येकातून १० वजा करा आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. सगळ्या खंडांची सरासरी १० असेल आणि सेवा एक्स्पोनेन्शियल असेल तर हीही सरासरी १० च्या आसपासच यायला हवी. ५ ते १५ वाल्या बससाठी ती अडीच येईल, मिश्रणासाठी १० च्या बरीच वर जाईल. २०० खंडांच्या नोंदीत १० हून मोठे साधारण ७४ खंड सापडतील आणि त्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १०/√७४, म्हणजे सव्वा मिनिटाहून थोडी कमी असेल. तेव्हा पावणेआठ ते सव्वाबारा यांच्यामधलं कुठलंही उत्तर एक्स्पोनेन्शियल बसशी सुसंगत माना. १० च्या जागी ५ आणि १५ धरूनही हीच वजाबाकी करून बघा, कारण एका ठिकाणी जुळणं योगायोगाने होऊ शकतं. मात्र १५ ला पुरेसे खंड उरले आहेत ना, हे आधी मोजा. २०० पैकी तिथे सरासरी ४५ च उरतात आणि प्रमाण त्रुटी दीड मिनिटापर्यंत जाते.